टेम्पोवरचा धूसर लोगो

सांगलीतल्या एका मसालेवाल्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर होतं, ए३ आकाराचं. पहिल्या पानावर मालक आणि मालकीणबाई, मागे त्यांचा डिलिव्हरीचा टेम्पो. फोटो फुल फ्रेम कॅमेऱ्याचा, ६००० बाय ४००० पिक्सेल, ५० मिमी लेन्स, अपर्चर एफ १.८. दोघांचे चेहरे लख्ख आले होते आणि त्यांच्यामधून दिसणारा टेम्पोचा लोगो धुक्यात गेल्यासारखा. नेमका तो लोगो दिसावा म्हणूनच टेम्पो मागे उभा केलेला. लोगोची मूळ फाइल मिळत नव्हती, टेम्पो नवा रंगवायला गेलेला, म्हणजे फोटो पुन्हा काढायची सोय संपलेली.

"शार्प करा की जरा," असं प्रेसचे मालक म्हणाले. सगळे हेच म्हणतात. पण फोकस चुकला की मागच्या वस्तूचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर एका गोल चकतीएवढा पसरतो. त्या चकतीपेक्षा बारीक जे काही असेल ते शेजाऱ्यात मिसळून जातं. शार्पनिंग कडेचा उजेड-अंधार वाढवतं, मिसळलेलं वेगळं करत नाही. अक्षरांना पांढरी किनार येते आणि अक्षर होतं तितकंच जाड राहतं.

म्हणून आधी चकती मोजायची. टेम्पोच्या पत्र्यावर रिव्हेट होते आणि त्यांच्या डोक्यांवर उन्हाचा ठिपका चमकत होता. मुळात तो सुईच्या टोकाएवढा, फोटोत मात्र गोल टिकली झालेला. लोगोच्या डाव्या बाजूची टिकली १७ पिक्सेल भरली, उजवीकडची २२. टेम्पो तिरका उभा होता, उजवी बाजू जास्त लांब, म्हणून हा फरक. हिशेबही जुळतो. माणसं ३ मीटरवर आणि टेम्पो ४ मीटरवर धरला तर या लेन्सने साधारण २० पिक्सेलची चकती यायला हवी. एखादा चमकता ठिपका सापडला की बाकी अंदाज करावे लागत नाहीत.

लोगो फोटोत सुमारे ११०० पिक्सेल रुंद होता. मरून पत्र्यावर पांढरं गोल कडं, आत खलबत्ता, खाली देवनागरीत नाव. अक्षरांची जाडी ६० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे चकतीच्या तिप्पट. ही जमेची बाजू. कड्याच्या आतली बारीक रेघ मात्र चकतीच्या निम्मी होती आणि तिने पुढे वेळ खाल्ला.

पहिलं काम म्हणजे तिरका पत्रा सरळ करणं. फोटोची एक प्रत घेऊन पर्स्पेक्टिव्ह क्रॉपने पत्र्यावरच्या दोन आडव्या बीडिंगा आणि दोन उभे सांधे पकडले. त्यातून रेषा सरळ होतात, पण रुंदी-उंचीचं प्रमाण बरोबर येईलच असं नाही. इथे कडं उपयोगी पडलं. पेंटरने ते दोरी धरून काढलेलं असणार, म्हणून सरळ केलेल्या प्रतीत ते गोल यायलाच हवं. ते थोडं उभट आलं, तेवढी रुंदी वाढवली. लोगोत एखादं वर्तुळ असेल तर वेगळी मोजपट्टी लागत नाही.

मग ही प्रत कोरलमध्ये खाली लॉक करून वर हाताने ट्रेस. ऑटो ट्रेस इथे चालत नाही. त्याला कड दिसत नाही, करड्या रंगाचा उतार दिसतो, आणि त्या उतारावर कुठेतरी तो रेघ मारतो. सगळे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात, अक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजतात.

खरी कड उतारावर नेमकी कुठे असते, हे सांगणारे फार कमी भेटतात. धूसरपणा दोन्हीकडे सारखाच पसरतो, म्हणून सरळ कड उताराच्या मध्यावर असते. पण हा मध्य उजेडाचा, स्क्रीनवरच्या आकड्यांचा नव्हे. ग्रीन चॅनेलमध्ये अक्षराचं पांढरं २२५ होतं आणि मरून ४०. सरळ सरासरी १३२ येते. स्क्रीनचे आकडे उजेडाच्या प्रमाणात चढत नाहीत, गॅमाने वाकवलेले असतात. तो बाक काढून मध्य धरला तर १६६ च्या जवळ येतो. १३२ वर थ्रेशोल्ड लावून ट्रेस केलं असतं तर प्रत्येक कड सुमारे साडेतीन पिक्सेल बाहेर गेली असती, म्हणजे ६० ची जाडी ६७. ट्रेस केलेला पांढरा लोगो नेहमी 'जरा लठ्ठ' का दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गडद अक्षरं फिक्या रंगावर असतील तर उलट होतं, ती हडकुळी होतात. कॅमेऱ्याने जेपेगला स्वतःचा कॉन्ट्रास्टही दिलेला असतो, म्हणून १६६ हा काही शिलालेख नाही. पण १३२ पेक्षा तो खूपच जवळचा.

कोपऱ्यांवर मात्र मध्याचाही भरवसा नाही. तिथे उतार आतल्या बाजूला वळतो आणि कोपरा गोल भासतो. आम्ही दोन्हीकडच्या सरळ कडा कोपऱ्यापासून एक चकती अलीकडेपर्यंतच खऱ्या मानल्या आणि तिथून पुढे वाढवून एकमेकींना भिडवल्या. नोड जितके कमी तितकं बरं. कड्यासाठी दोन वर्तुळं, खलाची अर्धी बाजू काढून आरशासारखी उलटवलेली, अक्षरांना वळणाच्या टोकांवरच नोड. दर दहा पिक्सेलवर नोड टाकत गेलं की धूसरपणातला नॉइजही ट्रेस होतो आणि रेघ थरथरते.

नावात एक अक्षर भ आहे की म, हे धूसर फोटोत कळत नव्हतं. नाव माहीत होतं, भ होता. पण भ च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, आणि ती फट किती रुंद होती? फट चकतीएवढीच असेल तर ती भरून निघते, शिरोरेषेत फक्त किंचित काळसर खळगा उरतो. मालकांच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला टेम्पोचा एक फोटो दिला. त्यात लोगो जेमतेम २०० पिक्सेलचा, दाबून दाबून चौकटी पडलेला, पण फोकसमध्ये. त्यावरून फट आहे हे कळलं, भ ची गाठ उघडी आहे की भरीव हेही कळलं. मापं मात्र मोठ्या फोटोतूनच घेतली. आकार कुठला ते लहान फोटोने सांगायचं आणि किती व कुठे ते मोठ्याने.

ट्रेस बरोबर आहे का, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. शार्प लोगो नेहमीच छान दिसतो, चुकला असला तरी. त्यापेक्षा व्हेक्टर पीडीएफ म्हणून फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आणला, डिस्टॉर्टने चारही कोपरे पत्र्याच्या तिरकेपणावर बसवले, आणि त्याची पत्र्याच्याच मरून रंगावर चिकटवलेली १६ बिट प्रत केली. त्या प्रतीला लेव्हल्सच्या मधल्या आकड्यात ०.४५ देऊन बाक काढला, लेन्स ब्लरने मुद्दाम धूसर केलं आणि नंतर लेव्हल्समध्ये २.२ देऊन बाक परत घातला. लेन्स ब्लरला त्रिज्या लागते, म्हणून डावीकडे साडेआठ, उजवीकडे अकरा, मधे डेप्थ मॅपचा ग्रेडियंट. ही धूसर प्रत मूळ फोटोवर डिफरन्स मोडमध्ये ठेवली. ट्रेस बरोबर असेल तर तिथे काळंच राहायला हवं.

आमच्याकडे तीन ठिकाणी उजळलं. कड्याच्या एका बाजूला बारीक चंद्रकोर दिसली, म्हणजे लोगो पिक्सेलभर सरकलेला. भ च्या फटीत ठिपका उजळला, म्हणजे फट आम्ही जास्त रुंद धरली होती, ती १८ पिक्सेलवर आणल्यावर विझला. आणि आतली बारीक रेघ पूर्ण लांबीभर चमकत होती. चकतीपेक्षा बारीक रेघेला मध्य शोधून जाडी काढता येत नाही, कारण ती कधी पूर्ण पांढरी होतच नाही, करडा पट्टा होऊन रुंद पसरते. तिची जाडी बदलून पुन्हा धूसर करायचं, डिफरन्स बघायचं, असं करतच १० पिक्सेल सापडली.

यानंतर जुना लोगो पुसणं. लोगोच्या कडेबाहेर चकतीच्या त्रिज्येइतकं, म्हणजे ११ पिक्सेलपर्यंत, पांढरं सांडलेलं असतं. त्यावरच शार्प लोगो ठेवला तर अक्षरांना दिवे लावल्यासारखी प्रभा दिसते. आम्ही १५ पिक्सेल बाहेरपर्यंत मास्क वाढवला आणि आत बाहेरच्या मरूनचा ग्रेडियंट भरला. कंटेंट अवेअर इथे नको, ते सांडलेलं पांढरंच उचलून आत आणतं. मालकांच्या खांद्याने कड्याचा एक तुकडा झाकला होता. तिथे वर्तुळ पूर्ण ठेवून खांद्याच्या कडेचा मास्क लावला. खांदा फोकसमध्ये असल्यामुळे मास्कची कड पिक्सेलभरच मऊ. मालकीणबाईंच्या सुट्या केसांपाशी मास्क हाताने रंगवावा लागला, दुसरा उपाय नाही.

लोगोचं पांढरं शुद्ध २५५ ठेवलं नाही. मूळ अक्षरांच्या मधल्या भागातून रंग घेतला, पत्र्यावरची सावली मल्टिप्लायने वर टाकली आणि फोटोइतकाच नॉइज दिला. नॉइज विसरला की लोगो स्टिकर वाटतो, हे २०० टक्क्यांवर लगेच कळतं.

मग प्रश्न किती शार्प. पूर्ण शार्प लोगो आणि त्याला खेटून धूसर रिव्हेट, हे न कळणाऱ्यालाही खटकतं, कारण दोन्ही एकाच पत्र्यावर आहेत. ए३ छपाईत २० पिक्सेल म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पसरट. आम्ही लोगोला ६ पिक्सेलची चकती परत दिली, ती कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत येते. हातभर अंतरावरून नाव स्वच्छ वाचता येतं आणि लोगो मागच्या पत्र्यातच राहतो. लगतच्या दोन बीडिंगा आणि चार रिव्हेटही तेवढेच घट्ट करून बाहेरच्या बाजूला मूळ धूसरपणात विरवले. आम्हाला विचाराल तर या कामात सर्वांत जास्त फरक याच निर्णयाने पडतो, ट्रेसिंगने नव्हे.

लोगोखाली फोन नंबर आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक होता. अंकांच्या रेघा चकतीपेक्षा बारीक, त्यामुळे 3, 6 आणि 8 सारखेच दिसत होते. अशा अंकांचा ट्रेस करत नाहीत. लोगोची चूक फार तर विचित्र दिसते, नंबरची चूक दुसऱ्याच्याच घरी वाजते. मालकांकडून दोन्ही क्रमांक लेखी मागवले. फोन नंबर फोटोतल्या अंकांच्या उंचीला आणि अंतराला जुळणाऱ्या टाइपात बसवून त्याच डिफरन्सने तपासला. परवाना क्रमांकाची ओळ इतकी बारीक होती की ती धूसरच ठेवली आणि क्रमांक कॅलेंडरच्या तळपट्टीत छापला. व्हेक्टर फाइल मालकांना दिली तेव्हा कोपरे आणि भ ची गाठ वेगळ्या रंगात दाखवली होती. तेवढा भाग आमच्या तर्काचा आहे, पेंटरचा मूळ कागद सापडला तर तो आधी बदलायचा.