दार उघडल्यानंतरची तीन मिनिटं

शनिवार, रात्री साडेदहा

ताई दुपारी दाताच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा चिऊला आमच्याकडे ठेवून गेली. पंधरा महिन्यांची पोर. आई दिसेनाशी झाल्याबरोबर तिने दारापाशी जाऊन भोकाड पसरलं. मी डबे, झाकणं काढून दिली, तरी अर्धं लक्ष दाराकडेच. तासाभराने ताई आली. चिऊ धडपडत तिच्याकडे गेली आणि खांद्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. ताईने तिला नुसतं धरून ठेवलं. दोनेक मिनिटांनी ती आपणहून खाली उतरली आणि पुन्हा झाकणांकडे वळली.

आई म्हणाली, "किती रडकी गं ही! तू अशी नव्हतीस. तुला आजीकडे ठेवून निघाले तरी हूं नाही की चूं नाही. परत आले तरी आपली खेळत बसलेली. फार शहाणी होतीस."

हे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलेय. आज मात्र ते ऐकून पोटात काहीतरी हललं. गेले काही महिने अटॅचमेंटबद्दल वाचतेय, त्यामुळे असेल. जवळच्या माणसाशी जोडलं जाण्याची आपली जी पद्धत लहानपणी बसते, तिला अटॅचमेंट म्हणतात. आई जे कौतुकाने सांगत होती, ते एका जुन्या प्रयोगाच्या नोंदीत जसंच्या तसं आहे.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 26 कुटुंबांच्या घरी जाऊन बाळं पाहिली. दर तीन आठवड्यांनी, एका वेळी चारेक तास, जवळजवळ वर्षभर. बाळ रडलं की आई काय करते, उचलते का, कशी उचलते, हे त्या टिपून घेत. मग बाळ वर्षाचं झालं की आईसह त्याला एका अनोळखी खोलीत बोलवत. खोलीत खेळणी असत, एक अनोळखी बाई येई, आई दोनदा बाहेर जाई आणि दोनदा परत येई. प्रत्येक टप्पा साधारण तीन मिनिटांचा, सगळा प्रकार वीसेक मिनिटांचा. बाळ फारच रडलं तर टप्पा मध्येच आटोपत.

मला वाटायचं, आई गेल्यावर कोण किती रडतं यावरून ते ठरवत असतील. तसं नाही. खरं लक्ष असतं ते आई परत आल्यावर बाळ काय करतं याकडे. काही बाळं चिऊसारखी आईला बिलगतात, शांत होतात आणि खेळायला जातात. हे सुरक्षित नातं. काही बिलगतात पण शांत होत नाहीत. कडेवर घे म्हणून हात पसरतात आणि घेतलं की अंग ताठ करून ढकलतात. आई मिळाली तरी ती राहील याचा भरवसाच नसतो. आणि काही बाळं आईकडे पाहतच नाहीत. मान वळवतात, खेळण्यात डोकं घालतात. (चौथा, गोंधळलेला प्रकारही नंतर नोंदवला गेला. तिथे बाळाला ज्या माणसाकडे धावायचं, त्याचीच भीती वाटत असते. तो विषय वेगळा आणि फार जड आहे.)

न पाहणाऱ्या बाळांना काही वाटतच नसेल, असं कुणालाही वाटेल. पण 1970 च्या दशकात संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते वाढलेले होते. चेहरा शांत, हात खेळण्यात आणि छातीत धडधड. आई परतल्यावरही ती लगेच उतरत नव्हती. आपल्याकडे अशाच बाळाला 'शहाणं बाळ' म्हणतात.

घरच्या नोंदींमध्ये याचं कारण सापडतं. या बाळांच्या आया त्यांच्यावर प्रेम करत नव्हत्या असं नाही. पण बाळ जवळ यायला बघे, तेव्हा त्यांना ते अंगाशी नकोसं होई, त्या त्याला दूर करत. मागितलं की जवळीक मिळत नाही, उलट आई आणखी दूर जाते, हे बाळाला वर्षभरात कळतं. मग ते मागणं थांबवतं आणि निदान जवळपास तरी राहता येतं. त्या घरात तेच शहाणपण असतं.

रविवार, सकाळ

रात्री झोप नीट लागली नाही. समीर कामासाठी बारा दिवस भोपाळला आहे. रोज त्याची आठवण येते. पण तो परत येतो तेव्हा मी काय करते? बेल वाजते, मी दार उघडते, "आलास?" म्हणते आणि ओट्याकडे वळते. कुकर लावते, फडकं मारते. तो मागे मागे येतो. "चिडलीस का? काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." तो पुन्हा विचारतो, आवाज चढतो, मी आणखी गप्प होते. तासाभरात भांडण. प्रत्येक वेळी.

तो घाबरला की जवळ येतो, मी घाबरले की लांब जाते. त्याचं विचारणं मला कोंडल्यासारखं वाटतं, माझी पाठ त्याला सोडून दिल्यासारखी वाटते. एकाच्या उपायाने दुसऱ्याचं भय वाढतं. आम्ही दोघंही याला स्वभाव म्हणत होतो.

1980 च्या दशकात हेझन आणि शेव्हर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात वाचकांसाठी प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली. तीन छोटे परिच्छेद, यातला कोणता तुमच्यासारखा? 620 उत्तरांमध्ये निम्म्याहून थोडे अधिक लोक सुरक्षित निघाले, सुमारे पाव लोक जवळीक टाळणारे आणि पाचवा हिस्सा सतत धास्तावलेले. बाळांमधले तीन प्रकार मोठ्यांच्या प्रेमात पुन्हा दिसले.

पण मी इथे सावध राहतेय. मोठ्यांनी स्वतःविषयी एखादा परिच्छेद निवडला, म्हणजे वर्षाचे असताना ते तसेच होते असं सिद्ध होत नाही. बाळांना वाढताना पाहत गेलेल्या अभ्यासांत दोन्हींचा संबंध दिसतो, पण तो बारीक आहे. मध्ये शाळा येते, मित्र येतात, कुणाचा मृत्यू होतो, चांगलं लग्न होतं. शिवाय एकाच मुलाचं आईशी एक आणि आजीशी वेगळं नातं असू शकतं. माझी आजी मला मांडीवर घेऊन केसांत बोटं फिरवायची. तिच्यापाशी मी रडायचे, हे मला नीट आठवतंय.

आईवरही मला काही लादायचं नाही. तिची नोकरी सकाळी सातची, घरी आजारी सासरे. मी बिलगले की ती म्हणे, "सोड, मला उशीर होतोय." उशीर खरोखरच होत असे.

शुक्रवार, रात्र

काल फोनवर समीरला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तू भांडी घासतेस तेव्हा तुझी छाती धडधडत असते?" मी हो म्हणाले.

आम्ही एक ठरवलं. तो आल्यावर दहा मिनिटं काही विचारणार नाही आणि मी ओट्याकडे जाणार नाही.

आज सव्वासातला बेल वाजली. दार उघडलं आणि हात आपोआप पदर खोचायला गेला. मी दारातच उभी राहिले. त्याच्या शर्टाला रेल्वेचा वास होता. खरंच धडधडत होतं. मी त्याचा हात धरून छातीवर ठेवला. त्याने काही विचारलं नाही. आत कुकर लावलेला नव्हता, त्यामुळे जेवायला साडेनऊ झाले.