प्रीमियर लाइव्ह: नेट गेलं तरी सिनेमा थांबत नाही

आमची ४१ मिनिटांची फिल्म पूर्ण झाली आणि ती एका ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बघायची असं ठरलं. यूट्यूबवर फाइल आधी चढवून प्रीमियर लावण्याची सोय आहे आणि नुसती फिल्मच दाखवायची असेल तर तोच मार्ग बरा, त्यात आपल्याकडून बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. आम्हाला मात्र आधी दोन शब्द बोलायचे होते आणि शेवटी लगेच प्रश्नोत्तरं घ्यायची होती, म्हणून ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधून लाइव्ह करायचं ठरवलं.

सेटिंगवर फार वेळ गेला नाही. फिल्म २५ फ्रेमची, म्हणून ओबीएसही २५ वर. ते ३० वर ठेवलं की कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र बारीक बारीक झटके खातं. बोलत्या चेहऱ्यांच्या दृश्यात हे कळतच नाही, तेव्हा चाचणीला पॅनचाच शॉट घ्या. बिटरेट ६००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंदांनी. अपलोडचा वेग याच्या दुप्पट तरी हवा, आणि तो प्रीमियरच्याच वेळेला मोजायचा. सकाळचा आकडा रात्री कामाचा नाही.

खरी मजा तालमीत आली. खाजगी स्ट्रीम चालू केला आणि मुद्दाम नेटची वायर उपटली. ओबीएस परत जोडायचा प्रयत्न आपणहून करतं, ते ठीकच. पण तेवढ्या वेळात फिल्म आपल्या मशीनवर पुढे चालतच राहते! नेट ४० सेकंद गेलं तर प्रेक्षकांची ४० सेकंदांची गोष्ट गेली, आणि आपल्या स्क्रीनवर सगळं छान दिसतंय.

त्यावर उपाय म्हणून ‘थोडं थांबा’ची पाटी दाखवणारा वेगळा सीन केला. इथे मीडिया सोर्समधली `Restart playback when source becomes active` ही खूण बघाच. ती असली तर पाटीवरून परतल्यावर फिल्म पहिल्या फ्रेमपासून सुरू होते. ती काढली तर पाटीच्या मागे फिल्म गुपचूप पुढे सरकते. म्हणून खूण काढायची आणि क्रम पक्का ठेवायचा: आधी पॉज, मग पाटी. पॉजला हॉटकी दिली, कारण घाईत माउस भलतीकडेच जातो.

प्रीमियरला ही वेळ आलीच. फिल्म २३:१० वर असताना खालची पट्टी लाल झाली. २३:१६ ला पॉज केलं, पाटी लावली. कनेक्शन परत आल्यावर फिल्म २२:५० वर ओढली आणि मग सोडली. इतकं मागे जायचं कारण असं की नेट तुटण्याआधीच्या शेवटच्या काही सेकंदांतलं किती पोचलं याचा भरवसा नसतो. वीस सेकंद पुन्हा बघायला लागले म्हणून कुणी कुरकुरत नाही, संवाद हुकला की मात्र चॅट पेटतं.

नेट आलंच नसतं तर? पूर्ण फिल्म अनलिस्टेड करून आधीच चढवून ठेवली होती. पाच मिनिटांत स्ट्रीम उभा राहिला नाही तर मॉडरेटरने तिची लिंक पिन करायची, वेळेसकट. २२:५० म्हणजे १३७० सेकंद, म्हणून लिंकच्या शेवटी `&t=1370s`. ही प्रत चढवण्याचा दुसरा फायदा म्हणजे संगीतावर कुणाचा कॉपीराइट दावा लागतो का ते आधीच कळतं. लाइव्ह चालू असताना ते कळणं म्हणजे डोक्याला ताप.

चॅटला दोन मॉडरेटर होते. फिल्म बघत बघत मॉडरेशन होत नाही, म्हणून दोघांनी ती आधीच बघितली होती. स्लो मोड लावला आणि शेवट ज्याच्याभोवती फिरतो त्या पात्राचं नाव अडवलेल्या शब्दांत टाकलं. प्रत्येकाचा स्ट्रीम थोडा पुढेमागे असतो, त्यामुळे पुढे असलेल्याचा नुसता ‘बाप रे, हाच निघाला!’ सुद्धा मागच्यांचा रसभंग करतो.

‘आवाज येत नाही’ असं कुणी लिहिलं की हात लगेच सेटिंगकडे जातो. तो आवरायचा. चॅटमधली तक्रार काही सेकंद शिळी असते आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्याचाच फोन म्यूट असतो. आमचा नियम: एका मॉडरेटरचा फोन मोबाइल डेटावर, लॉगिन न करता, हेडफोन लावून. त्यावर आवाज गेला तरच मी हात लावणार. आमच्या फिल्ममध्ये एक पूर्ण निःशब्द प्रसंग आहे. तिथे चॅटमध्ये तक्रारींची रांग लागणार हे उघड होतं, म्हणून ‘इथली शांतता मुद्दाम आहे’ हे वाक्य लिहून तयार ठेवलं होतं. ते पडलं आणि रांग हसण्यात विरली. दिग्दर्शकाला ते फारसं रुचलं नाही, ते वेगळं.

आता दुसऱ्या मशीनवरून बॅकअप सर्व्हरला समांतर स्ट्रीम पाठवून बघणार आहे. दोन्हीकडे फिल्म एकाच फ्रेमवर चालवणं हीच त्यातली गोम आहे. कुणी हे जमवलं असेल तर दोन्हीकडचा प्ले एकदम कसा दाबला ते सांगा.