टाळ कुठे खाली ठेवायचे

“ताई, मंत्र, स्तोत्र आणि भजन यांत नेमका फरक काय? आणि कधी काय म्हणायचं?”

संस्कृत असेल तो मंत्र आणि मराठी असेल ते भजन, ही समजूत आधी काढून टाका. समर्थांचं ‘भीमरूपी महारुद्रा’ चांगलं मराठीत आहे आणि ते स्तोत्र आहे. ‘राम कृष्ण हरी’ टाळ-मृदंगावर गातात, पण तुकोबा आपल्या अभंगात सांगतात की बाबाजींनी त्यांना तो मंत्र म्हणून दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. आमच्या वर्गात कुणी नवीन आलं की मी उलटा प्रश्न विचारते: समोर जे आहे त्यातलं काय बदललं तरी चालेल? भजनाची चाल बदलता येते, एक ओळ दहा वेळा घोळवता येते, मध्येच ‘विठ्ठल विठ्ठल’ चढवता येतं. स्तोत्राची चाल बदलली तरी चालते, पण श्लोक गाळायचा नाही आणि छंद मोडायचा नाही. मंत्रात अक्षर, क्रम, आणि वैदिक मंत्र असेल तर स्वरसुद्धा, यातलं काहीच हलवायचं नाही.

हे तिन्ही प्रकार एका जागी बघायचे असतील तर गणपतीतली आपल्या घरची संध्याकाळची आरती घ्या. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत आपण एका दमात म्हणतो आणि सगळीकडे सारख्याच टाळ्या वाजवतो. गोंधळ तिथेच आहे.

सुरुवातीच्या आरत्या गाण्याच्या. त्यांना ठेका हवा, झांजा हव्यात, चार घरचे चार आवाज हवेत. एखाद्याचा सूर लागला नाही म्हणून काही बिघडत नाही. अर्थ तेवढा सांभाळा. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ करणारी माणसं दर वर्षी भेटतात. गणपती फळीवर बसलेला असतो, त्यामुळे त्यांना ते पटतंही. शंकराच्या आरतीतलं ‘लवथवती’ तर बहुतेक घरांत ‘लवलवती’ झालं आहे. अशा चुका सुधाराव्यात, पण त्यासाठी भर आरतीत कुणाला थांबवू नये. आरती झाल्यावर सांगावं.

पुढे येतं ‘घालीन लोटांगण’. ते एक गाणं वाटतं, पण वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून ते झालेलं आहे. पहिलं कडवं मराठी, नामदेवांच्या नावावर असलेलं. ‘त्वमेव माता’ संस्कृत श्लोक. ‘कायेन वाचा’ भागवताच्या अकराव्या स्कंधातलं. ‘अच्युतं केशवं’ हे अच्युताष्टकातलं, म्हणजे सरळ स्तोत्रातलं. आणि शेवटचं ‘हरे राम हरे राम’ हा कलिसंतरण उपनिषदातला सोळा नावांचा मंत्र आहे. मग मंत्र टाळ्या वाजवत कसा काय म्हणतो आपण? तर त्या उपनिषदातच नारद विचारतो की याचा विधी काय, आणि ब्रह्मदेव सांगतो की याला विधी नाही, शुचि असा वा अशुचि, केव्हाही म्हणा. नाममंत्र असे मोकळे असतात. हरिपाठात ज्ञानदेवही ‘काळवेळ नाम उच्चारितां नाहीं’ म्हणतात ते याच अर्थाने. म्हणून सुतकात पूजा थांबते पण नाम थांबत नाही.

इथपर्यंत टाळ्या ठीक. आता टाळ खाली ठेवा, हातात फुलं-अक्षता घ्या आणि सरळ उभे राहा, कारण मंत्रपुष्पांजली हा वेगळा कारभार आहे.

तिच्यात गणपतीचं नाव एकदाही येत नाही. पहिली ऋचा ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’, दुसरा मंत्र तैत्तिरीय आरण्यकातला, कुबेराला नमस्कार करणारा. तिसरा आणि चौथा ऐतरेय ब्राह्मणातल्या राजाभिषेकाच्या प्रकरणातले. साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य अशी राज्यांची नावं तिथे येतात ती त्यामुळे, आणि शेवटी मरुत्त राजाच्या घरी मरुद्गण वाढपी होते असं वर्णन आहे. गणपतीपुढे हे कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. स्तोत्रात शब्द ज्या देवाचे, स्तुती त्याच देवाची. वैदिक मंत्र कुठे वापरायचा हे मात्र विनियोगाने ठरतं, म्हणजे परंपरेने त्याला कोणतं काम नेमून दिलंय त्यावरून. सकाळची पूजा आठवा. षोडशोपचारात गुरुजी पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना एकेक वाटून देतात: आवाहनाला ‘सहस्रशीर्षा’, पुढे आसन, पाद्य, अर्घ्य असं करत सोळावी ऋचा मंत्रपुष्पाला. ती सोळावी ऋचा म्हणजेच ‘यज्ञेन यज्ञम्’. फुलं वाहायचं काम तिचं, म्हणून मंत्रपुष्पांजली तिथून सुरू होते. आणि म्हणूनच पुरुषसूक्तासारखं सूक्त अर्थाने स्तुती असलं तरी म्हणताना त्याला मंत्राचेच नियम लागतात.

म्हणताना बिघडतं कुठे? बहुधा शब्द तोडण्यात. आरतीचा ठेका अंगात असतो, मग ‘समुद्रपर्यंताया एकराळिति’मध्ये ‘एकरा’वर श्वास घेतला जातो आणि ‘ळिति’ लोंबकळत राहतं. तो ‘एकराट्’ आणि ‘इति’ यांचा जोड आहे, एका श्वासात जायला हवा. ‘स मे कामान् कामकामाय मह्यम्’चं ‘समेका मान्काम’ होतं तेही ठेक्यामुळेच. घरच्या गर्दीत ओळखायची खूण सोपी आहे: मंत्रपुष्पांजलीला टाळी वाजवता येत असेल तर ती चुकीची म्हटली जातेय.

स्वरांचं काय? छापील वैदिक पोथीत काही अक्षरांखाली आडवी रेघ असते, काहींच्या डोक्यावर उभी. खालची अनुदात्ताची, वरची स्वरिताची. स्वर चुकला तर काय होतं याची एक कथा सांगतात. त्वष्टा या देवाने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून ‘इंद्रशत्रु’ शब्द म्हणताना आघात शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्यावर दिला, आणि ‘इंद्राला मारणारा’च्या जागी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ झाला. तो पुत्र, म्हणजे वृत्र, जन्मला आणि इंद्राकडूनच मारला गेला. ही कथा सांगून लोकांना घाबरवतात ते मला पटत नाही. घरच्या आरतीत त्रैस्वर्य, म्हणजे उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे तीन स्वर, येत नसतील तर सावकाश, सपाट सुरात, अक्षरं नीट उच्चारून म्हणा. यमन-भूपात घालू नका, एवढंच. गायत्री मंत्राच्या चाल लावलेल्या ध्वनिफिती घरोघरी वाजतात. ऐकायला छान आहेत, सकाळ प्रसन्न करतात, पण माझ्या मते ते भजन झालं. तो तुमचा जप धरू नका.

जपाचा मंत्र हा तर बोलून दाखवायचाच नसतो. वाचिक, उपांशु आणि मानस अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकू येईल असा, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा, आणि मनातल्या मनात. मनुस्मृती मानस जपाला सगळ्यांत वरची जागा देते. जपाला ठरलेली संख्या, ठरलेली जागा आणि शक्यतो तीच वेळ हवी. सकाळची आंघोळ झाल्यावर किंवा दिवेलागणीला एक माळ, मेरुमणी न ओलांडता, तिथून उलटी फिरवून. रोज अकरा माळांचा संकल्प करून आठवड्यात सोडून देण्यापेक्षा एकच बरी.

स्तोत्राची वेळ बहुधा स्तोत्रातच लिहिलेली असते, फलश्रुतीत. नारदाचं संकटनाशन गणेशस्तोत्र स्वतःच ‘त्रिसंध्य’ म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ म्हणायला सांगतं. रामरक्षा आपण तिन्हीसांजेला म्हणतो. तिच्यात एक मजा आहे. ‘शिरो मे राघवः पातु’पासून राम एकेक अवयव राखत खाली येतो: डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, आणि असंच पायापर्यंत. घाईत दोन श्लोक गाळले तर तेवढं अंग उघडं राहिलं! चाल तुमच्या आजीची घ्या नाहीतर दुसरी लावा, पण अनुष्टुभाचं आठ अक्षरांचं पाऊल मोडू नका आणि मध्ये उठू नका. शिवाय तिच्या सुरुवातीला ऋषी, देवता, छंद, शक्ती, कीलक आणि ‘जपे विनियोगः’ असा मंत्राचा सगळा सरंजाम आहे. म्हणजे स्तोत्र आणि मंत्र यांच्यामधली भिंत तितकी पक्की नाही.

अथर्वशीर्ष त्या भिंतीवरच बसलेलं आहे. लोक त्याला स्तोत्र म्हणतात, पण ते उपनिषद आहे, आणि ‘गं’ हा बीजमंत्र कसा बनतो ते त्यातच सांगितलंय: आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार. संकष्टीला एकवीस आवर्तनं करायची असतील तर पद्धत अशी: शांतिपाठ सुरुवातीला एकदाच. मग ‘ॐ नमस्ते गणपतये’पासून ‘वरदमूर्तये नमः’पर्यंत मूळ भाग एकवीस वेळा. ‘एतदथर्वशीर्षं योऽधीते’पासूनची फलश्रुती शेवटच्या आवर्तनानंतर एकदा, आणि पुन्हा शांतिपाठ. अभिषेक करणार असाल तर धार मूळ भागापुरती. घाई न करता तास-सव्वा तास लागतो. अर्ध्या तासात संपलं तर अक्षरं गिळली गेली आहेत असं समजा. तेवढा वेळ नसेल तर एकच आवर्तन नीट करा. पुण्यात ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात, तिथेही टाळ-पेटी नसते.

भजनाला मात्र माणसं लागतात. एकट्याने गुणगुणता येतं, पण पुढे एकाने म्हटलेलं मागे सगळ्यांनी धरलं की भजन उभं राहतं. वेळेचं भान त्यालाही आहे: पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्रीच्या बैठकीत आधी ‘जय जय राम कृष्ण हरी’, मग रूपाचा अभंग, रंग चढल्यावर गौळण, शेवटी भैरवी. आमच्या मंडळात एखादी उत्साहाने आल्या आल्या गौळण धरते, तेव्हा पेटीवाल्या काकू काही बोलत नाहीत. त्या नुसत्या ‘सुंदर ते ध्यान’चा सूर देतात.

आणि यंदा मंत्रपुष्पांजलीला टाळ थांबवायला घरात कुणी तयार नसेल, तर ‘हरे राम’ संपताच फुलांचं ताट सगळ्यांसमोर फिरवा. हातात फुलं आली की टाळ्या आपोआप बंद होतात.