वक्तृत्वाची वही: पंढरपूरचं भाषण, चौथ्या टेकपर्यंत

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं होतं की खुल्या गटासाठी साने गुरुजींच्या १९४७ च्या पंढरपूरच्या उपोषणावर भाषण बांधतोय. स्पर्धेची वेळ नेहमीचीच, सात अधिक एक. म्हणजे सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, आठव्याला शेवटची, आणि त्यापुढे गुण कापणार. संहिता ९२० शब्दांची झाली होती. मिनिटाला सव्वाशे शब्द धरून हिशेब बसवला होता, पण तो वाचनाचा वेग निघाला. उभं राहून, थांबे घेऊन बोललं की माझा वेग शंभरच्या आसपास येतो. पहिला टेक ८ मिनिटं ५२ सेकंद.

नुसत्या एकूण वेळेवरून काही कळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग पुन्हा लावून भाग पाडले. सुरुवात १:५५, गुरुजींची पार्श्वभूमी ३:१०, उपोषण २:२०, समारोप १:२७. म्हणजे ज्या घटनेसाठी भाषण आहे ती पाच मिनिटं उलटल्यावर सुरू होतेय! आणि घंटा वाजतेय ती बरोबर उपोषणाच्या शेवटच्या दिवसांवर, सभागृह कान देऊन ऐकत असेल अशा जागी. दुसरी गंमत समारोपात. सुरुवातीला मी मिनिटाला ९६ शब्दांनी बोलतोय, समारोपात १३१ ने. म्हणजे शेवट पाठ होता, पण गाडी सुटल्यासारखा म्हटला होता. वेळ, आवाज आणि शेवट या तीन वेगळ्या तक्रारी आहेत असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. मूळ एकच निघालं, तीन मिनिटांची पार्श्वभूमी.

ती कापताना जीव तुटला हे कबूल करतो. पालगडचा जन्म, अमळनेरची शिक्षकी, तुरुंगवास, सगळं मेहनतीने जमवलं होतं. पण परीक्षकांना गुरुजींचं चरित्र माहीत असतं, आणि विषय उपोषणाचा आहे. मागे ठेवलं ते एवढंच: उपोषणाआधी काही महिने हा माणूस विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं करा म्हणत महाराष्ट्रभर हिंडला, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसला. १७५ शब्द इथेच गेले. आणखी दहा ‘सन्माननीय व्यासपीठ’मधून काढले.

आता आवाज. हे मला स्वतःला ऐकू येत नव्हतं. आई आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं, शब्द कळत नव्हते. बाहेर येऊन म्हणाली, ‘काय रे, सगळी वाक्यं एकाच चालीत म्हणतोयस, आरतीसारखी.’ मग मीही रेकॉर्डिंग शेजारच्या खोलीत लावून दाराआडून ऐकलं. खरंच. प्रत्येक वाक्याचं क्रियापद वर उचललेलं, होतेऽ, म्हणालेऽ, बसलेऽ. आपल्याकडे क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे हा शालेय हेल चिकटला की प्रत्येक वाक्याला चिकटतो. हे ओळखायला दाराआडचं ऐकणं सगळ्यात उपयोगी, कारण अर्थ गळून फक्त चाल उरते.

हेल मोडायला मी फार काही केलं नाही. संहितेत प्रत्येक वाक्यातला एकच शब्द अधोरेखित केला, आणि तो क्रियापद नसावा हा नियम. ‘गुरुजी उपोषणाला बसले’ मध्ये जोर ‘उपोषणाला’वर, ‘बसले’ आपोआप खाली येतं. मोठा आवाज संपूर्ण भाषणात एकाच ठिकाणी ठेवला, मंदिरप्रवेशाला विरोध करणाऱ्यांच्या युक्तिवादाला उत्तर देताना. जातीमुळे मंदिराबाहेरच राहिलेल्या संत चोखोबांच्या मृत्यूशी आवाज उतरतो. तिथे आधी एक चूक करत होतो: आवाज खाली आणताना वेगही वाढायचा आणि शेवटची अक्षरं गिळली जायची. दुसऱ्या टेकमध्ये ‘गावकूस कोसळलं’मधलं ‘कोसळलं’ ऐकूच येत नाही. आता तिथे माइकच्या चार बोटं जवळ जातो, पट्टी खाली घेतो, पण अक्षरं तशीच सुटी ठेवतो. शेजारच्या गल्लीतल्या एका बुलेटने तिसऱ्या टेकमध्ये ही जागा गिळली, तो दोष माझा नाही.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या ओळीने खाल्ला. पहिला शेवट होता, ‘आजच्या तरुणाईने गुरुजींचा आदर्श घ्यावा’, मग एक उसना शेर, मग ‘एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो’. नाव बदललं तर हा शेवट कुणाच्याही भाषणाला लागेल. मला ओळ पंढरपूरच्या दारातूनच हवी होती. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला १३३८ साली गावकूस कोसळून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून तिथे समाधी दिली अशी परंपरा. १३३८ ते १९४७. वजाबाकी केली आणि वही मिटून बसलो.

पहिला खर्डा असा झाला: ‘महाद्वार ते गाभारा हे अंतर काही पावलांचे असले, तरी ते पार करण्यासाठी समाजाला तब्बल सहाशे नऊ वर्षांचा कालावधी लागला.’ एका श्वासात मावत नाही, आणि ‘कालावधी लागला’वर टाळी तर सोडा, मान पण हलत नाही. मोडून दोन वाक्यं केली: ‘समाधीपासून गाभारा काही पावलांवर. चोखोबांना पोचायला लागली सहाशे नऊ वर्षं.’ इथे क्रियापद मुद्दाम आधी घेतलंय, म्हणजे आकडा शेवटी उरतो.

आमच्या निवृत्त सरांनी ऐकलं आणि लगेच अडवलं. ‘अरे, चोखोबा कुठे पोचले? ते अजून दाराबाहेरच आहेत. पोचली त्यांची माणसं.’ बरोबर होतं. आता ओळ ‘चोखोबांच्या माणसांना पोचायला लागली सहाशे नऊ वर्षं’ अशी आहे. पावलांचा आकडा घालायचा मोहही झाला होता, पण मी मोजलेली नाहीत, म्हणून ‘काही’च ठेवलं. आणि शेवटी ६०९ म्हटल्यावर लोकांना वजाबाकी करता यावी म्हणून १३३८ हे साल पहिल्या मिनिटातच पेरलं. तिसऱ्या टेकमध्ये ते चौथ्या मिनिटाला होतं आणि सरांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

चौथा टेक: ७३५ शब्द, ७ मिनिटं ३५ सेकंद. सात मिनिटांच्या आत संपवायचा विचार केला होता, पण मग दोन सेकंद इकडेतिकडे झाले की घंटा नेमकी शेवटच्या ओळीवर पडते. म्हणून उलट केलं. सातव्या मिनिटाच्या मागेपुढे वीस सेकंद साधा, माहितीचा मजकूर ठेवलाय, उपोषण सुटल्याचा. त्यावर घंटा पडली तर मी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. समारोप ७:१२ ला सुरू होतो. शेवटच्या दोन वाक्यांच्या मधे तीन सेकंद शांतता, मनात आकडे मोजून.

काल सरांनी स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवून घंटा दिली. मी दचकलो नाही, पण घंटेनंतरच्या तीन वाक्यांत हेल परत आला, रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतोय. पाचव्या टेकला ताटली आईच्या हातात देणार आहे, आणि कधी वाजवायची ते तिला सांगणार नाही.