वरची दोन स्किल्स

"मॅडम, माझ्या लिंक्डइनवर चाळीसच्या वर स्किल्स आहेत, एंडोर्समेंट्सही पुष्कळ आहेत. पण मला सप्लायर क्वालिटीत जायचंय आणि तिथून कुणी विचारतच नाही. वर नेमकी कोणती स्किल्स ठेवू?"

आधी तुमच्या यादीतली पहिली दोन नावं कोणती आहेत ते बघा. प्रोफाइल उघडणाऱ्याला स्किल्सच्या भागात सुरुवातीला तेवढीच दिसतात. बाकीची बघायला 'Show all' वर टिचकी मारावी लागते आणि ती फारसं कुणी मारत नाही. मी ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांसाठी माणसं शोधते. एका जागेसाठी ढीगभर प्रोफाइल चाळायची असतात, तेव्हा मीही नाही मारत.

चाकणच्या एका डाय-कास्टिंग कंपनीतल्या क्वालिटी इंजिनिअरचं उदाहरण सांगते, कारण त्याचा प्रश्न अगदी तुमचाच होता. त्याच्या यादीत सगळ्यात वर ऑटोकॅड होतं आणि त्याखाली मायक्रोसॉफ्ट ऑफिस. दोन्हींना भरघोस एंडोर्समेंट्स. आता हा माणूस रोज काय करत होता? गाड्यांच्या कंपनीला जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागांची पीपॅपची, म्हणजे नव्या भागाच्या मंजुरीची, फाइल तयार करणं, ग्राहकाकडून तक्रार आली की तिचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा एट-डी रिपोर्ट लिहिणं, ऑडिटला उभं राहणं. ऑटोकॅड त्यानं कॉलेजनंतर क्वचितच उघडलं असेल. मग ते वर आलं कसं? लिंक्डइननं 2012 मध्ये एंडोर्समेंट्स सुरू केल्या, त्यानंतर काही वर्षं प्रोफाइलच्या माथ्यावरच एक चौकट यायची: अमक्याला हे येतं का? लोक हो म्हणून पुढे जायचे. कॉलेजच्या मित्रांनी मित्रांना अशा ढीगभर दिल्या. शिवाय जे स्किल वर दिसतं त्यालाच पुढच्या माणसाची एंडोर्समेंट मिळते, त्यामुळे वरचं आणखी वर जातं. त्याच्या ऑटोकॅडपुढचा आकडा सांगत होता तो एवढंच, की त्याला कॉलेजात मित्र बरेच होते.

म्हणून आकडा बघून क्रम लावू नका. क्रम लावायचा तो जाहिराती बघून. त्याला मी सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या दहाएक जाहिराती गोळा करायला सांगितल्या, पुण्याच्याच आणि त्याच्या अनुभवाला साजेशा. प्रत्येकीतला फक्त 'काय यायला हवं' हा भाग वहीत उतरवायचा आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायची. पीपॅप आणि एपीक्यूपी, म्हणजे नव्या भागाच्या क्वालिटीचं आधीपासूनचं नियोजन, जवळपास सगळीकडे आलं. त्यापाठोपाठ सप्लायर ऑडिट, रूट कॉज अॅनालिसिस किंवा एट-डी, गाड्यांच्या उद्योगाचं क्वालिटी मानक आयएटीएफ 16949. एक्सेल आणि सॅप शेवटच्या ओळीत, जाता जाता. ऑटोकॅड एकाही जाहिरातीत नव्हतं.

अजून एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत होती, आणि या क्षेत्रात ती महत्त्वाची आहे. सप्लायर क्वालिटीची माणसं बऱ्याच कंपन्या मालाच्या प्रकारानुसार घेतात. कास्टिंगचे पुरवठादार सांभाळणारा वेगळा, शीट मेटलचा वेगळा, प्लास्टिकचा वेगळा. कास्टिंगमधली पोरॉसिटी, म्हणजे आतली बारीक छिद्रं, एक्स-रेमध्ये ओळखणारा माणूस शोधत असतील, तर प्लास्टिक मोल्डिंगवाल्याचं प्रोफाइल कितीही देखणं असलं तरी ते बाजूला पडतं. याच्याकडे डाय-कास्टिंगचा घट्ट अनुभव होता आणि ते नाव यादीत पार तळाशी, 'टीमवर्क'च्याही खाली होतं.

शेवटी क्रम असा ठरला: पहिलं PPAP, दुसरं Die Casting, मग रूट कॉज अॅनालिसिस, सप्लायर ऑडिट, एपीक्यूपी. 'अबाउट'च्या भागातही पाचपर्यंत स्किल्स दाखवता येतात, तिथे हीच पाच घातली. तुम्ही विचाराल की Supplier Quality हेच नाव पहिलं का नाही? त्यावर मीही विचार केला होता. पण त्या पदावर तो अजून बसलेला नाही. जे नाव वर ठेवाल त्याचा पुरावा खाली अनुभवात सापडला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला तिथेच शंका येते. ते नाव आम्ही यादीत सहावं ठेवलं, म्हणजे स्किलवरून शोधणाऱ्याला तो सापडेल, पण पहिल्या नजरेत दिसेल ते त्यानं खरोखर केलेलं काम.

नाव टाइप करायला लागलात की खाली लिंक्डइनची स्वतःची यादी उघडते, तिच्यातलंच नाव निवडा. स्वतःच्या मनानं 'पीपॅप डॉक्युमेंटेशन अँड सबमिशन' असं काही लिहिलंत, तर नेमकं पीपॅप शोधणाऱ्याला तुम्ही सापडालच असं नाही. एंडोर्समेंट्सही त्या त्या नावाला चिकटलेल्या असतात. एकाच कामाची दोन-तीन नावं ठेवलीत तर त्या विभागल्या जातात.

नाव लावल्यावर ते स्किल कुठल्या नोकरीत वापरलं हे जोडायची सोय तिथेच आहे. ते जोडा आणि त्या नोकरीखाली एक ठोस ओळ असू द्या. पीपॅप म्हणजे नवा भाग नियमित उत्पादनात जाण्याआधी पुरवठादारानं ग्राहकाला द्यायचा पुरावा: मोजमापं, मटेरियलचे रिपोर्ट, कंट्रोल प्लॅन, सहीचं वॉरंट वगैरे मिळून 18 गोष्टी. त्याच्या प्रोफाइलवर आधी 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी अॅक्टिव्हिटीज' एवढंच होतं. त्याजागी इंजिनच्या कोणत्या भागांसाठी लेव्हल 3 ची फाइल त्यानं स्वतः तयार केली आणि मंजूर करून घेतली, हे लिहिलं. क्वालिटीतला माणूस ही ओळ वाचताच पुढचा प्रश्न मनात तयार करतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आता एंडोर्समेंट्स. नवं पहिलं स्किल, पुढे आकडा जवळजवळ शून्य. याला त्याचा जीव घाबरला. खाली ऑटोकॅडला एवढ्या आणि वर काहीच नाही, वाईट नाही का दिसणार? नाही दिसत, कारण खालचं कुणी बघतच नाही. आणि भरायच्या आहेत त्या चार-पाचच. फक्त त्या कुणाच्या, हे महत्त्वाचं.

त्याची पीपॅपची फाइल कोण तपासत होतं? ग्राहक कंपनीतला सप्लायर क्वालिटी इंजिनिअर. म्हणजे ज्या खुर्चीवर याला बसायचंय, त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. यानं पाठवलेली फाइल त्यानं उलटसुलट वाचलेली, चुका काढून परत पाठवलेली, शेवटी सही केलेली. पीपॅपवर त्याची एक एंडोर्समेंट कॉलेजच्या पन्नास मित्रांपेक्षा मला जास्त सांगते. लिंक्डइनही स्किलखाली दाखवतं की एंडोर्स करणाऱ्यांत सहकारी किती आहेत, त्या विषयातली जाणकार मंडळी आहेत का. नाव उघडलं की त्याचं पदही दिसतं.

त्यानं अशी माणसं काढली: ग्राहकाकडचे दोन इंजिनिअर, डाय-कास्टिंगसाठी स्वतःच्या कंपनीतला टूल रूमचा प्रमुख, रूट कॉजसाठी आधीचा मॅनेजर. एंडोर्समेंट फक्त थेट कनेक्शन असलेला माणूसच देऊ शकतो, त्यामुळे दोघांना आधी रिक्वेस्ट पाठवावी लागली. मग प्रत्येकाला वेगळा मेसेज, आणि त्यात एकाच स्किलचं नाव. ग्राहकाकडच्या इंजिनिअरला त्यानं लिहिलं ते साधारण असं: "सर, पंप हाउसिंगच्या पीपॅपमध्ये तुम्ही गेज स्टडी दोनदा परत पाठवला होता, त्यातून मी खूप शिकलो. माझं ते काम तुम्हाला पटलं असेल, तर प्रोफाइलवर पीपॅप या स्किलला एंडोर्स कराल का? नसेल जमत तर अजिबात हरकत नाही." सरसकट 'प्लीज एंडोर्स माय स्किल्स' लिहिलं असतं, तर त्या माणसानं वरची दोन-चार नावं भराभर दाबली असती किंवा काहीच केलं नसतं.

इथे मी त्याला एक अट घातली होती आणि तुम्हालाही घालते. तुमची एखादी फाइल त्या माणसाकडे मंजुरीसाठी पडून असताना हे मागू नका. मंजुरी देणाऱ्याकडे त्या काळात काहीही मागणं बरं दिसत नाही आणि त्यालाही अडचणीत टाकतं. काम मिटू द्या. काही कंपन्यांत पुरवठादाराला असं काही देण्यावर बंधनंही असतात, म्हणून नकार आला तर मनाला लावून घेऊ नका.

'तू मला दे, मी तुला देतो' हे मात्र करू नका. ज्याचं काम पाहिलेलंच नाही त्याला एंडोर्स केलंत, तर तुमचं नाव तिथे तुमच्या पदासकट दिसतं. एखादी एंडोर्समेंट भलत्याच माणसाची आली असेल, म्हणजे डाय-कास्टिंगवर कपड्यांच्या दुकानवाल्या मामेभावाची वगैरे, तर त्या स्किलच्या एंडोर्समेंट्सच्या यादीत जाऊन तेवढी एक लपवता येते.

क्रम बदलायचा तो मात्र मेसेज पाठवण्याच्या आधी. लोक प्रोफाइलवर येतात, समोर दिसेल ते दाबतात आणि निघून जातात. जुनीच यादी समोर असेल तर उरलेलं सौजन्यही ऑटोकॅडलाच जाईल.

जुन्या स्किल्सचं काय करायचं? घाईनं डिलीट करू नका, कारण स्किल काढलं की त्याच्या एंडोर्समेंट्सही जातात. आधी सगळी नुसती खाली सरकवा. मग महिन्या-दोन महिन्यांनी शांतपणे बघा. 'टीमवर्क', 'हार्डवर्किंग', सी प्रोग्रामिंग ही नावं मी सरळ काढायला लावते. मुलाखतीत त्यांवर विचारलं तर बोलायला काही नसतं. ऑटोकॅड त्यानं ठेवलं, तळाशी. ड्रॉइंग वाचता येणं या कामात उपयोगी पडतंच.

यातून काय होईल आणि काय नाही, तेही सांगते. एंडोर्समेंट बघून मी कुणाला नोकरीला लावलेलं नाही. सर्चमध्ये माणूस सापडतो तो स्किलच्या नावानं, पदाच्या नावानं, ठिकाणानं. एंडोर्समेंटचं काम त्यानंतर सुरू होतं: प्रोफाइल उघडलं, वर पीपॅप दिसलं, खाली ग्राहकाकडच्या इंजिनिअरचं नाव दिसलं, अनुभवात तीच गोष्ट वाचली, की मी फोन उचलते. पुढे मुलाखतीत 'फाइल तयार करणं आणि फाइल तपासणं यात फरक काय?' हा प्रश्न त्याला येणारच होता. तो आम्ही दोन संध्याकाळी घोटवून घेतला, कारण पुरवठादाराकडून ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतात.

बदल लागू पडतोय का हे कळायला येणारे मेसेज बघा. त्याला आधी ड्राफ्ट्समन आणि डिझाइनच्या जागांसाठी विचारणा यायची. दीड-दोन महिन्यांत ती थांबली आणि कास्टिंगच्या पुरवठादारांसाठी माणूस शोधणाऱ्यांचे मेसेज येऊ लागले. तुमच्याकडे तेवढ्या काळानंतरही जुन्याच पदांची विचारणा येत राहिली, तर स्किल्सना आणखी हात लावू नका, नावाखालची ओळ बघा. तिथे अजून 'क्वालिटी इंजिनिअर' एवढंच असेल, तर त्यात डाय-कास्टिंग आणि पीपॅप हे दोन शब्द आणा आणि मला लिंक पाठवा.