वर एम, खाली एक्सएल

माझी छाती ३५ इंच, कंबर २९, सीट ४२ आणि खांदा जेमतेम १४. याला पेअर शेप म्हणतात. आई सरळ ‘खालून भरलेली’ म्हणते. नाशिकला मेन रोडवर थ्री-पीस सेट बघायला गेलं की माझं घोडं इथेच अडतं. सेटवरचा साइज बहुतेक वेळा छातीवरून ठरलेला असतो आणि कुर्ता एम असला की आतली पँटही एमच निघते. ती माझ्या मांडीतच अडकते. एक्सएल घेतला तर पँट बसते, पण कुर्त्याच्या खांद्याची शिवण दंडावर उतरते. पँट बदलून द्या म्हटलं की, ‘‘ताई, सेट तुटत नाही. मधला एल घेऊन टाका ना!’’ एल म्हणजे वर ढगळ आणि खाली घट्ट, दोन्हीकडून बोंब.

यंदा चुलतबहिणीच्या साखरपुड्याला सेटच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं. कुर्ता वेगळा, पँट वेगळी.

आधी वहिनीच्या हातात टेप दिला. सीट मोजताना बहुतेक जणी टेप फार वर धरतात. पाय जोडून, आरशात बाजूने बघून, जिथे सगळ्यात जास्त भरलंय तिथे तो फिरवायचा. माझ्या बाबतीत ती जागा कंबरेखाली ८ इंचांवर आहे. मग खुर्चीत बसून पुन्हा मोजलं, तर दीड इंच वाढ. कार्यात आपण उभ्या कमी आणि बसलेल्या जास्त असतो, त्यामुळे पँटसाठी हाच आकडा धरला.

कुर्ता मी खांदा आणि मुंढा बघून निवडते, कारण तिथलं काम किचकट. खांदा आत घ्यायचा तर बाही उसवा, मुंढा नव्याने कापा, बाही परत लावा. बाजूची शिवण मात्र एका टिपेचं काम. म्हणून कुर्ता एम. पण सरळ कटचा एम घातला तर सीटवर ताणला जाऊन वर सरकला, कंबरेवर आडव्या चुण्या पडल्या आणि दोन्ही बाजूंचे कट फाकले. विक्रेती म्हणाली, खाली ओढून घ्या. किती वेळा ओढणार? त्याच साइजचा ए-लाइन घातला आणि प्रश्नच मिटला. त्याचा घेर कंबरेपासूनच सुटतो, सीटवर कापड मोकळं राहतं आणि खांदा जागच्या जागी बसतो.

पँटचा शोध कॉलेज रोडला. तिथल्या काही दुकानांत पँटा कुर्त्यांपासून वेगळ्या टांगलेल्या असतात, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. मला ताण न देणारं कॉटन हवं होतं, म्हणजे तयार पँटची सीट निदान ४४ हवी. एल चढली, चेनही लागली, पण खिशांची तोंडं कानासारखी बाहेर आली आणि मांड्यांच्या सांध्यापासून आडव्या रेषा निघाल्या. सीट कमी पडतेय याची ही पक्की खूण. एक्सएलमध्ये दोन्ही गेलं. आता कंबर मात्र ३४ इंच, बसलं की मागे मूठ जाईल एवढी फट.

इलॅस्टिकची पँट असती तर हे काम वाचलं असतं, पण आखूड कुर्त्याखाली त्याच्या चुण्यांचा फुगवटा दिसतो, तो मला नको होता. पंचवटीतल्या आमच्या शिवणवाल्या मावशींकडे पँट नेली. कंबर ३० करायची, म्हणजे ४ इंच काढायचे. सगळे मागच्या मधल्या शिवणीतून घ्या म्हटलं तर त्यांनी हात झटकला. ‘‘अगं, मागचे खिसे एकमेकांना भेटतील आणि आसन वर ओढलं जाईल.’’ त्यांनी पट्टा उसवला, मधल्या शिवणीतून २ इंच घेतले आणि उरलेले २ मागच्या दोन टक्समध्ये वाटले. टक्स खाली निमुळते होत सीटच्या आधीच संपवले, त्यामुळे तिथली जागा शाबूत राहिली. आतली माया कापू नका, एवढं मी बजावलं. दिवाळीनंतर कंबर कुठे जाईल कोण जाणे!

राहिला रंग. वाइन कुर्त्यावर वाइनच पँट जुळवायला गेले, तर दुकानातल्या दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग रस्त्यावरच्या उन्हात एक लालसर, एक तपकिरी निघाले. वेगवेगळ्या ठिकाणी रंगलेलं कापड असंच वागतं. शेवटी कुर्त्याच्या प्रिंटमधल्या पानांचा मेंदी रंग पँटला घेतला आणि ओढणी दोन्ही रंग असलेली. साखरपुड्यात दोघींनी विचारलं, सेट कुठून घेतलास? मी मेन रोड आणि कॉलेज रोड अशी दोन्ही दुकानं सांगितली.