तुम्ही विचारलंत म्हणून: पूजा आणि हजेरी

"गुरुपौर्णिमेला आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये गुरुपूजन आहे. नेमकं काय करायचं असतं? आणि मी आत्ताच शिकायला लागले आहे, तर मी पण गायचं का?"

हो, गायचं. पूजा दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. उरलेला सगळा वेळ हजेरीचा, म्हणजे एकेका शिष्याने गुरूंसमोर बसून गाण्याचा असतो, आणि माझ्या मते खरं पूजन तेच.

आधी पूजेचं सांगते. चौरंगावर आपल्या गुरूंच्या गुरूंचा फोटो ठेवतात. पहिला हार गुरू स्वतः त्या फोटोला घालतात. ग्वाल्हेर घराण्याच्या क्लासमध्ये तिथे बऱ्याचदा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि विष्णु दिगंबर पलुस्कर दिसतात. बुवांकडे पलुस्कर मिरजेला शिकले आणि पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. नवीन मुलांना हे तिथेच, फोटोसमोर सांगावं. आपल्या हातातली बंदिश कुणाकुणाच्या गळ्यातून आली, ते त्या वेळी डोळ्यांसमोर असतं.

मग सर्वांत जुना शिष्य किंवा शिष्या सगळ्यांच्या वतीने गुरूंची पूजा करते: गंध, अक्षता, फूल, शाल, श्रीफळ. काही ठिकाणी पाद्यपूजा होते, पण पाय धुऊ न देणारे गुरूही पुष्कळ आहेत, त्यांना आग्रह करू नका. दक्षिणेचं पाकीट ज्याने त्याने नमस्कार करताना द्यावं. रकमेचा उल्लेख करायचा नसतो. गंडाबंधन मात्र वेगळं. त्यात गुरू मनगटाला दोरा बांधून शिष्य म्हणून स्वीकार करतात आणि ते कधी करायचं हे गुरूच ठरवतात. पौर्णिमेला सगळ्या वर्गाला गंडा बांधत नाहीत.

वाद्यांची पूजाही त्याच वेळी होते आणि इथे मी डोळ्यांत तेल घालून उभी असते. उत्साहाने कुणीतरी तबल्याच्या शाईवर ओलं गंध लावतं किंवा तानपुऱ्याच्या घोडीवर हळदकुंकू सोडतं. शाईला ओल लागली की ती सैल पडते, टवकेही उडतात. घोडीवर पूड पडली की तारेखालच्या जव्हारीच्या दोऱ्यात अडकते आणि तार झणकारायची थांबून बसक्या आवाजात वाजते. तबल्याला गंध खोडाच्या लाकडावर लावा, तानपुऱ्याला भोपळ्यावर, आणि फूल वाद्यापाशी ठेवा.

आषाढातल्या दमट हवेचा त्रास तर असतोच. तबल्याची पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. वाद्यं कार्यक्रमाच्या तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवली की हवेला सरावतात. मग मिळवलेली टिकतात. आणल्या आणल्या मिळवली तर दुसऱ्या गायकापर्यंत सूर हललेला असतो.

आता हजेरी. क्रम ठरलेला असतो: सर्वांत नवीन आधी, मग जुने, शेवटी गुरू. म्हणजे तुम्हाला पहिल्या तासातच बसावं लागेल. एखादा अलंकार किंवा भूपातलं सरगमगीत पुरे. स्वर तानपुऱ्यात मिसळला पाहिजे, एवढंच तिथे ऐकलं जातं.

घोळ होतो तो मधल्या विद्यार्थ्यांचा. पावसाळा आहे म्हणून मियाँ मल्हार गावासा वाटतो. पण त्यातला आंदोलित गंधार आणि दोन्ही निषादांची ती वळणं वर्षानुवर्षं घासल्याशिवाय गळ्यावर चढत नाहीत. सध्या शिकत असाल तोच राग घ्या. वेळेचा हिशोबही आधीच करा. समजा दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली. बारा मात्रांचं एक आवर्तन 48 सेकंदांचं झालं, म्हणजे आठ आवर्तनांत साडेसहा मिनिटांच्या जवळपास गेली. स्थायी-अंतऱ्याला दोन-तीन आवर्तनं, आलापाला पाच, उरलेल्या वेळात द्रुत बंदिश. हा हिशोब न करता बसलं की आलाप रंगात येतो तेवढ्यात वेळ संपते आणि द्रुत घाईत उरकावी लागते. ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. दहाऐवजी पाचच मिनिटं असतील तर विलंबित सोडूनच द्या, मध्यलयीतली एक बंदिश नीट गा.

गायला बसताना आधी गुरूंना नमस्कार, मग तानपुऱ्याला. गुरूंचं किंवा त्यांच्या गुरूंचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. तो जाऊ द्या, मुद्दाम दाखवायला नको.

तुम्ही काय गाणार हे आठवडाभर आधी गुरूंना विचारून ठरवा आणि तबलजींना ताल व लय सांगून ठेवा. शेवटी गुरू भैरवी गातात. त्यानंतर कुणी गात नाही, त्यामुळे "माझं राहिलंच" म्हणायची वेळ येऊ देऊ नका.